टपालवाल्याची फेरी

प्रत्येक रस्ता निदान एकदा चालून टपालवाल्याला कमीत कमी अंतरात परत कचेरीत पोहोचायचे आहे. हा प्रश्न चिनी गणिती ग्वान मेइगू यांनी 1960 मध्ये मांडला.

अडचण फक्त विषम चौकांची. चौकात एका रस्त्याने शिरले की दुसऱ्याने बाहेर पडावे लागते, म्हणजे रस्ते जोडीने खर्च होतात. तीन रस्ते मिळतात तिथे एक उरतो आणि कुठला तरी रस्ता पुन्हा चालावा लागतो. प्रत्येक रस्त्याला दोन टोके असल्याने असे चौक नेहमी सम संख्येत असतात, म्हणून त्यांच्या जोड्या लावता येतात आणि प्रत्येक जोडीमधली सर्वांत जवळची वाट पुन्हा चालली की काम होते.

समजा, दोन समांतर रस्ते प्रत्येकी 600 मीटरचे आहेत आणि दर 200 मीटरवर 100 मीटरच्या आडव्या गल्ल्या, टोकांच्या धरून चार. एकूण 1600 मीटर. मधल्या दोन गल्ल्यांची चारही टोके विषम. समोरासमोरच्या टोकांची जोडी लावली तर 200 मीटर जास्त, शेजारच्यांची लावली तर 400, तिरप्यांची 600. म्हणून मधल्या गल्ल्याच दोनदा चालायच्या; फेरी 1800 मीटरची.

चार चौकांना तीनच पर्याय असतात, दहांना मात्र 945. ते सगळे न तपासता सर्वांत स्वस्त जोड्या शोधण्याची रीत जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्ये दिली. काही रस्ते एकेरी आणि काही दुहेरी असले, तर मात्र अशी झटपट रीत अजून कोणाला सापडलेली नाही.