दर वाढवा, पण सांगून-सवरून

भाववाढीचे आपल्याला आता फारसे नवल उरलेले नाही. मनाला लागते ती ती सांगण्याची तऱ्हा. त्यातही सांगणारा रोजच्या ओळखीचा असला, म्हणजे अधिकच.

आमच्या वसाहतीत एक वहिनी गेली चौदा वर्षे जेवणाचे डबे पुरवतात. चाळीसेक घरे त्यांच्या पोळीभाजीवर आहेत. त्यातली निम्मी तरी निवृत्त मंडळी. परवा वहिनींनी मला मोबाइलवर पाठवायचा एक निरोप दाखवला. ‘पुढच्या महिन्यापासून डबा ११० रु. महागाईमुळे नाइलाज आहे. नोंद घ्यावी.’ म्हणाल्या, “साहेब, तुम्ही बँकेत जन्मभर नोटिसा काढल्यात. एवढं जरा बघा.”

निरोपात खोटे काहीच नव्हते. पण चौदा वर्षांच्या गिऱ्हाइकाने तो वाचला, तर त्याच्या मनात चार प्रश्न उभे राहतील. किती वाढले? कशामुळे? मी आगाऊ भरलेल्या पैशांचे काय? आणि मला झेपणार नसेल तर? यांची उत्तरे नोटिशीत नसली, तर लोक ती आपापसात शोधतात, आणि तिथे ती नेहमी वाईटच निघतात.

पहिल्या प्रश्नाला जुना आणि नवा दर शेजारी शेजारी लिहिणे हेच उत्तर. डबा १०० रुपयांचा ११० होणार. महिन्याचे २६ डबे धरले, तर २६०० चे २८६०. पेन्शनवर जगणारा माणूस महिन्याचा हिशेब करतो. म्हणून २६० रुपयांचा फरक आपणच सांगावा, त्याला बोटे मोजायला लावू नयेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी वहिनींची वही उघडली. शेवटची वाढ दोन वर्षांपूर्वीची. वाढीव दहा रुपयांपैकी पाच तेल, डाळी आणि गॅसचे, तीन पोळ्या करणाऱ्या बायकांच्या मजुरीचे, दोन डबे पोचवण्याचे. ‘महागाई’ या शब्दापेक्षा हे तीन आकडे अधिक बोलतात. मात्र सारा भार एकट्या तेलावर टाकू नये. उद्या तेल उतरले, की गिऱ्हाईक दर उतरवायला सांगेल, आणि त्याचे चुकणार नाही.

तिसरा प्रश्न वहिनींना जड गेला. पाच घरांनी नोव्हेंबरअखेरपर्यंतचे पैसे आधीच दिले होते. वाढ १ ऑक्टोबरपासूनची. त्या घरांना जुनाच दर ठेवायचा, तर प्रत्येकी ५२० रुपये, म्हणजे एकूण २६०० रुपये सोडावे लागणार. वहिनी म्हणाल्या, “एका गिऱ्हाइकाचा महिना गेला की हो!” मी त्यांना बँकेचा नियम सांगितला. कर्जाचे व्याज वा आकार बदलला, तर तो पुढच्या काळासाठी लागू करावा, मागे जाऊन नव्हे, असे रिझर्व्ह बँकेच्या रास्त व्यवहार संहितेत आहे. पैसे घेतले तेव्हा ठरलेला शब्द मुदत संपेपर्यंत पाळायचा, एवढाच त्याचा अर्थ. वहिनी जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग ‘हो’ म्हणाल्या.

चौथ्यासाठी अर्ध्या डब्याची सोय निघाली. शेवटी नोटीस अशी झाली:

‘स. न. वि. वि. १ ऑक्टोबरपासून डब्याचा दर १०० ऐवजी ११० रुपये होईल. २६ डब्यांचे २६०० ऐवजी २८६० रुपये होतील. मागील वाढ दोन वर्षांपूर्वी झाली होती. या दहा रुपयांत पाच किराणा व गॅसचे, तीन मजुरीचे आणि दोन पोचवणुकीचे आहेत. चार पोळ्या, दोन भाज्या, आमटी-भात यात काही कमी होणार नाही. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत, त्यांना ती मुदत संपेपर्यंत जुनाच दर राहील. दोन पोळ्या, एक भाजी व आमटी-भात असा अर्धा डबा ७० रुपयांत मिळेल. डबा बंद करायचा असल्यास ३० सप्टेंबरपर्यंत कळवावे. शिल्लक रक्कम परत मिळेल. काही विचारायचे असल्यास दुपारी ४ ते ६ मी घरीच असते. लोभ असावा.’

ही नोटीस १ सप्टेंबरला, म्हणजे पुरता महिना आधी, डब्याबरोबर कागदावर गेली. एकट्या राहणाऱ्या चार आजी-आजोबांना मात्र वहिनी स्वतः भेटून आल्या. अशांच्या हाती नुसता कागद पडला, तर तो निरोप न वाटता ताकीद वाटते.

‘नाइलाज’ हा शब्द आम्ही मुद्दाम काढला. दर वाढवायचे वहिनींनीच ठरवले होते, आणि तो त्यांचा हक्कच आहे. क्षमाही मागितली नाही. कष्टाचे दाम मागण्यात क्षमेचे काय? नफा किती, हेही सांगितले नाही. ते गिऱ्हाइकाने विचारायचे नसते.

अशा नोटिशीने सगळे राहतात असे नाही. दोन घरांनी अर्धा डबा घेतला, एकाने बंद केला. त्यांची शिल्लक वहिनींनी त्याच संध्याकाळी नेऊन दिली. पोळीची जाडी गुपचूप कमी करून दर तोच ठेवणारेही असतात. पण रोज तीच पोळी खाणाऱ्याला ते चौथ्या दिवशी कळते, आणि मग तो डबा बंद करताना कारणही सांगत नाही.