मामांचं बोट कुठे जातं

माझ्या मामांचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे. दोन मजले, नऊ माणसं, काउंटरवर एक कॉम्प्युटर. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी फोन करून सांगितलं, "अगं, विक्री चाळीस टक्क्यांनी वाढलीय म्हणे. मग दुकानात गर्दी का दिसत नाही मला?" आकडा त्यांना त्यांच्या डॅशबोर्डनं सांगितला होता. तो कोणाकडून तरी पैसे देऊन करून घेतलेला होता. नोकरीत मी दिवसभर असलेच तक्ते बनवते, त्यामुळे शनिवारी सांगलीला गेले.

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीतून आलेला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती म्हणजे डॅशबोर्ड. पुढे मोटारीत त्याच जागी वेगाचे आणि तेलाचे काटे आले, आणि काटे म्हणजेच डॅशबोर्ड असं होऊन बसलं. मामांच्या पानावर मात्र चिखल अडला नव्हता, सगळा आत आला होता. चौदा चौकटी, तीन गोल मीटर, फुगवलेला रंगीत पाय-चार्ट, आणि डाव्या कोपऱ्यात वर दुकानाचा भला मोठा लोगो.

मी काहीच बोलले नाही. मामांना म्हटलं, "तुम्ही रोज बघता तसं बघा, आणि जे बघाल त्यावर बोट ठेवा." बोट आधी लोगोवर गेलं, तिथून घसरून एका मीटरवर, मग पाय-चार्टवर. तिथे थोडं फिरून मामा म्हणाले, "हा पिवळा मोठा की हिरवा?" दोन फाका जवळपास सारख्या असल्या की डोळ्याला ते कळतच नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून हे दाखवलं होतं. रेषेवरची जागा आणि लांबी माणूस बऱ्यापैकी अचूक जोखतो, कोनात मात्र जास्त चुकतो. त्रिमितीत तिरका केलेला पाय-चार्ट तर पुढची फाक उगाच मोठी दाखवतो. आणि गोल मीटर? एक आकडा सांगायला तो वीतभर जागा खातो.

कागद घेऊन बसलो. मी विचारलं, "मामा, दुकान उघडल्यावर तुम्हाला पहिलं काय जाणून घ्यायचं असतं?" धंदा किती झाला. मग? बरा की वाईट. मग? गिऱ्हाईक किती आलं, आणि प्रत्येकानं किती घेतलं. सगळं नीट नसेल तर मग कधीपासून, आणि कुठल्या मालात. मामांनी हे ज्या क्रमानं सांगितलं, त्याच क्रमानं नजर पानावर फिरली पाहिजे. मराठी आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर डाव्या कोपऱ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात आलं आणि लोगो तळाला गेला. त्या उत्तराच्या उजवीकडे दोन लहान आकडे, बिलं आणि सरासरी बिल. खाली पूर्ण रुंदीचा एकच आलेख, आणि अगदी शेवटी सहा ओळींचा मालाचा तक्ता. मामा बहुतेक वेळा मोबाइलवरच बघतात. तिथे हेच सगळं एकाखाली एक येतं, क्रम मात्र तोच राहतो.

तीनच आकडे का, याला कारण आहे. बिलांच्या संख्येला सरासरी बिलानं गुणलं की विक्री येते. म्हणजे विक्री हलली तर ती दोहोंपैकी कशामुळे हलली हे तिथल्या तिथे दिसतं. चौथा आकडा ठेवायचा तर तो या तिघांशी बोलणारा हवा. मामांना उधारीही हवी होती. ती वसुलीची गोष्ट, दुसऱ्या पानावर टाकली.

आकडे काढणं सोपं वाटतं, पण खड्डे तिथेच असतात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जो तक्ता बाहेर येतो, त्यात बिलाची नव्हे, साडीची एक ओळ असते. कोणी तीन साड्या नेल्या की तीन ओळी होतात. जुन्या पानावर ओळीच मोजलेल्या होत्या, त्यामुळे बिलं भरपूर आणि सरासरी बिल अगदीच चिल्लर दिसत होतं. मी गुगल शीट्समध्ये असं लिहिलं. यात A तारीख, B बिल नंबर, E जीएसटी वगळून रक्कम, तर B1 आणि B2 मध्ये सुरुवातीची आणि शेवटची तारीख:

```
=SUMIFS(Bills!E:E, Bills!A:A, ">="&B1, Bills!A:A, "<"&B2+1)
=COUNTUNIQUEIFS(Bills!B:B, Bills!A:A, ">="&B1, Bills!A:A, "<"&B2+1)
```

दुसरी ओळ वेगवेगळे बिल नंबर मोजते. शेवटी ते `B2+1` मुद्दाम आहे. तारखेसोबत वेळही नोंदलेली असेल, तर "१८ तारखेपर्यंत" म्हटल्यावर कॉम्प्युटर १८ च्या मध्यरात्रीला थांबतो आणि १८ चा अख्खा दिवस गळतो. परत आलेल्या साड्या वजा रकमेनं धरल्या होत्या. मात्र परतीला वेगळा बिल नंबर पडत असेल, तर तो बिलांच्या मोजणीतून काढावा लागतो, नाहीतर रागावून साडी परत करणारी बाईही गिऱ्हाईक म्हणून धरली जाते.

आता ते चाळीस टक्के. जुन्या पानानं १ ते १८ ऑक्टोबर २०२४ ची तुलना १ ते १८ ऑक्टोबर २०२३ शी केली होती. कॅलेंडरच्या हिशेबानं चोख, पण साडीच्या दुकानासाठी चक्क खोटी. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. म्हणजे यंदाच्या अठरा दिवसांत दसऱ्याची खरेदी होती, गेल्या वर्षीच्या अठरा दिवसांत जवळपास अख्खा पितृपक्ष होता. वाढणार नाही तर काय!

दोन्ही लक्ष्मीपूजनांत ३५५ दिवसांचं अंतर आहे. म्हणून तुलनेच्या तारखा वर्षभरानं मागे न नेता ३५५ दिवसांनी नेल्या. यंदाच्या १ ते १८ ऑक्टोबरसमोर गेल्या वर्षीचे १२ ते २९ ऑक्टोबर आले. दसरा दोन्हीकडे आला, पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. ३५५ ला सातानं पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे वार जुळत नाहीत. गेल्या वर्षीच्या बाजूला तीन रविवार पडले, यंदाच्या बाजूला दोनच. साडीच्या दुकानात एक रविवार म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे. उपाय सोपा आहे. सुटे दिवस घ्यायचे नाहीत, पूर्ण आठवडेच घ्यायचे. म्हणून २१ दिवस धरले, यंदाचे २८ सप्टेंबर ते १८ ऑक्टोबर आणि गेल्या वर्षीचे ९ ते २९ ऑक्टोबर. आता दोन्हीकडे तीन-तीन रविवार, आणि पितृपक्षाचे शेवटचे पाच-सहा दिवसही दोन्हीकडे.

विक्री १९.७८ लाख निघाली, गेल्या वेळी १९.३० लाख होती. वाढ जेमतेम अडीच टक्के. बिलं ८६०, गेल्या वेळी ९९०, म्हणजे तेरा टक्के घट. सरासरी बिल १,९५० वरून २,३०० वर. मामा गप्प बसले. गर्दी दिसत नव्हती, कारण गर्दी नव्हतीच. जी माणसं येत होती ती महागाचं घेऊन जात होती, त्यामुळे गल्ल्यात फरक कळत नव्हता.

पानावर प्रत्येक आकड्याखाली जुना आकडा बारीक राखाडी अक्षरात ठेवला, आणि शेजारी वर किंवा खाली टोक असलेला त्रिकोण. लाल रंग फक्त बिलांच्या आकड्याला दिला. जुन्या पानावर सगळंच लाल-हिरवं होतं, त्यामुळे लालकडे कोणाचं लक्षच जात नव्हतं. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्रिकोण असला की त्यांचंही अडत नाही.

आलेख कशाचा काढायचा, यावर मीच आधी चुकले. सवयीनं विक्रीचा काढला. यंदाची आणि गेल्या वर्षीची रेघ एकमेकींच्या अंगावरून चालल्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं. चिंता बिलांची, आणि आलेख विक्रीचा! तो पुसून बिलांचा काढला. रोजच्या आकड्यांची रेघ रविवारी उसळते आणि सोमवारी आपटते, ती करवतीसारखी दिसते, म्हणून आठवड्याची बेरीज घेतली. आडव्या अक्षावर महिने न लिहिता "लक्ष्मीपूजनाआधी १२ आठवडे, ११, १०" असं लिहिलं. उभा अक्ष शून्यापासून. रेघेच्या आलेखाला तो नियम सक्तीचा नसतो, पण इथे अक्ष मधूनच सुरू केला असता तर तेरा टक्क्यांची घट कडेलोटासारखी दिसली असती. यंदाची रेघ जाड निळी, गेल्या वर्षीची राखाडी, आणि रेघेच्या टोकालाच "२०२४", "२०२३". बाजूला रंगांची वेगळी यादी दिली की नजर तिकडे जाऊन परत येते, तेवढ्यात आलेखातली जागा हरवते.

बारा आठवड्यांच्या मागे गेले नाही. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, तो १६ ऑगस्टला संपला. त्याच्या मागे गेलं की ३५५ दिवसांचा हिशेब सणांशी जुळत नाही. आणि हे अंतर कायमचं नाही. २०२४ ते २०२५ ते ३५४ दिवस होतं, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे ३८३ दिवसांनी. म्हणून अंतर सूत्रात न कोंबता एका कोपऱ्यातल्या घरात ठेवलं. दर वर्षी पंचांग बघून मामांनी ते बदलायचं.

आलेखात दोन्ही रेघा गणपतीपर्यंत हातात हात घालून येत होत्या. गणपतीनंतरच्या आठवड्यात निळी खाली सरकली आणि पुन्हा वर आलीच नाही. कधी ते आलेखानं सांगितलं, का ते सांगणं त्याचं काम नाही. खालच्या तक्त्यात "हजाराच्या आतल्या साड्या" ही ओळ सगळ्यात जास्त घसरलेली होती. मामांनी काउंटरवरच्या जुन्या माणसाला हाक मारली. तो म्हणाला, "मालक, गणपती झाल्यावर खालचा मजला लावला नाही का आपण? त्या साड्या तेव्हा वर नेल्या. जिना चढून कोण येतंय हजाराच्या साडीला?"

सोमवारी त्या साड्या खाली, दारासमोरच्या कपाटात आल्या. नंतर मामांनी एक मागणी केली. पानाच्या वर लोगो परत हवा, थोडा तरी. मी तळालाच ठेवला, जरा मोठा करून.