दोन काचांमधला ओलावा

डबल ग्लेझिंगच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये धुकं दिसू लागलं, की सील आत्ताच फुटलं असा समज होतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. सील पहिल्या दिवसापासून थोडं थोडं बाष्प आत सोडतच असतं. ते शोषून घेण्याची आतली क्षमता संपली, की धुकं डोळ्यांना दिसतं. या खिडकीत उष्णता अडवण्याचं मुख्य काम मधली स्थिर हवा करते, कारण हवेतून उष्णता काचेच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्शानं वाहते. त्यासाठी सहसा १२ ते १६ मिलिमीटरची फट ठेवतात. ती याहून बरीच रुंद केली तर आतली हवा फिरू लागते आणि रुंदीचा फायदा तिथेच थांबतो. फटीच्या कडेनं ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, म्हणजे स्पेसर, बसवतात. तिच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक दाणे असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइलचा चिकट थर बाष्प अडवतो, तर बाहेरचा पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा थर दोन्ही काचा धरून ठेवतो.

सगळं चहूबाजूंनी बंद असताना पाणी शिरतं कुठून, असं कुणीही विचारील. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरची हवा बाष्पानं भरलेली आणि फटीतली कोरडी असते. हवेचा एकूण दाब आतबाहेर सारखा असला, तरी बाष्पाचा दाब बाहेर कितीतरी जास्त असतो. त्यामुळे पाण्याचे रेणू सीलमधून झिरपत राहतात. शिवाय उन्हात आतली हवा फुगते, रात्री आकसते आणि कडेचं सील रोज ताणलं जातं. आता एक मीटर लांब-रुंद खिडकी घ्या. १२ मिलिमीटरच्या फटीत १२ लिटर हवा मावते. काच २० अंशांपर्यंत गार झाली, तर तिच्यावर दव धरायला या हवेत जेमतेम ०.२ ग्रॅम पाणी पुरतं. स्पेसरमध्ये १०० ग्रॅम दाणे असतील तर ते सुमारे २० ग्रॅम, म्हणजे शंभरपट पाणी पोटात ठेवू शकतात. म्हणूनच वर्षानुवर्षं काच स्वच्छ दिसते आणि दाणे भरले की एखाद्या गार पहाटे अचानक पांढरी पडते.

अर्थात प्रत्येक धुकं म्हणजे बिघाड नव्हे. मुंबईत पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीच्या काचेवर बाहेरून दव धरतं. ते फडक्यानं पुसलं जातं, सीलशी त्याचा संबंध नाही. दोन्ही बाजूंनी पुसूनही जात नाही, तेच मधलं. काचेला बारीक भोक पाडून आत कोरडी हवा फिरवली, तर कमी खर्चात भागतं असा एक युक्तिवाद आहे. काच तेवढ्यापुरती स्वच्छ होते हे खरं, पण भरलेले दाणे आणि थकलेलं सील तसंच राहतं, त्यामुळे धुकं परततं. चौकट चांगली असेल तर फक्त जोडकाच बदलावी. मात्र त्याआधी चौकटीच्या तळाची निचऱ्याची छिद्रं मोकळी करून घ्या. ती तुंबलेली राहिली, तर नव्या काचेचं सीलही साचलेल्या पाण्यातच उभं राहील.