रविवारची चाचणी, सोमवारची यादी

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत 180 प्रश्न आणि 720 गुण असतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीला 1 गुण कापला जातो. या परीक्षेच्या तयारीसाठी लातूर, नांदेड, कोटा अशा शहरांत हजारो मुले खोली घेऊन राहतात. बहुतेक क्लासमध्ये आठवडाभर शिकवणी, मग सराव चाचणी आणि त्यानंतर क्रमांकांची यादी असा परिपाठ असतो. काही ठिकाणी या यादीवरून मुलांची तुकडीही बदलते.

ताण खरा वाढतो तो या यादीपाशी. समजा, एका मुलीचे 115 प्रश्न बरोबर आले, 50 चुकले आणि 15 सुटले, म्हणजे 410 गुण झाले. पुढच्या आठवड्यातही तिला 410 गुण मिळाले, पण इतरांचे वाढल्यामुळे तिचा क्रमांक 40 वरून 95 वर गेला. तिचा अभ्यास मागे पडलेला नसतो, तरी यादीत ती घसरलेली दिसते. मग ती रात्री जागू लागते. किशोरवयात 8 ते 10 तास झोप लागते. ती कमी पडली की दिवसभराचे वाचलेले नीट ठसत नाही, लक्ष उडते आणि पुढच्या चाचणीत चुका वाढतात.

शिक्षकाने येथे क्रमांक बाजूला ठेवून त्या 50 चुका मुलीसोबत पाहाव्यात. समजा, 20 चुका दोनच धड्यांतल्या निघाल्या, 16 कच्च्या आकडेमोडीच्या आणि 14 प्रश्न घाईने वाचल्याच्या. घाईची एक चूक टळली तर 5 गुणांचा फरक पडतो, म्हणजे 14 चुकांमागे 70 गुण. आता काय करायचे हे मुलीला कळते, आणि त्यासाठी जागरणाची गरज नसते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार गुणांवरून तुकड्या पाडणे व जाहीर अपमान करणे टाळायचे आहे, आणि 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याआधी जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी 16 वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, असे सांगितले होते.

तरीही मुलातला बदल बहुधा आधी वर्गशिक्षकाला दिसतो. चाचणीच्या सकाळीच पोट दुखणे, शंका विचारणे बंद होणे, डबा परत जाणे, मित्रांपासून तुटणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली तर मुलाशी एकांतात बोलावे. जगण्यात अर्थ नाही असे तो म्हणाला, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार नव्याने रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर मुलाला एकटे सोडू नये आणि पालक व समुपदेशकाला लगेच कळवावे. सरकारी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. उपचार करणे हे शिक्षकाचे काम नाही. मूल योग्य माणसापर्यंत पोहोचले याची खात्री करणे मात्र त्याचेच आहे.