तीन फ्लॅट आणि एक सरळ रेषा

लिनिअर रिग्रेशनबद्दल बोलताना आकडे लहान घ्यावेत, म्हणजे प्रत्येक बेरीज हाताने तपासता येते. समजा एका इमारतीत तीन फ्लॅट विकले गेले. ५०० चौरस फुटांचा ४२ लाखांना, ७०० चा ५२ लाखांना आणि ९०० चा ६८ लाखांना. क्षेत्रफळावरून भाव सांगणारी एक सरळ रेषा आपल्याला हवी आहे. क्षेत्रफळ शेकड्यांत मोजू, म्हणजे ५, ७ आणि ९. भाव = a + b × क्षेत्रफळ, असे मांडले की शोधायचे उरतात दोनच आकडे, a आणि b.

तिन्ही बिंदू एका रेषेवर बसत नाहीत, त्यामुळे चूक राहणारच. ती कमीत कमी कशी करायची? प्रत्येक चुकीचा वर्ग घ्यायचा आणि त्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान होईल अशी रेषा निवडायची. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाच्या पुरवणीत हा नियम छापला. सगळ्यांना मान्य झालेल्या या नियमाचे उत्तर काढायला मात्र दोन वाटा आहेत, आणि कुठली कधी धरावी याबद्दल बराच गोंधळ दिसतो.

पहिली वाट नॉर्मल इक्वेशनची. वर्गांची बेरीज सर्वांत लहान असते तिथे तिचा चढ-उतार शून्य होतो. ती अट लिहिली की आपल्या तीन फ्लॅटसाठी दोन समीकरणे मिळतात:

```
 3a +  21b =  162
21a + 155b = 1186
```

यातला ३ म्हणजे फ्लॅटची संख्या, २१ ही क्षेत्रफळांची बेरीज, १५५ ही त्यांच्या वर्गांची बेरीज, १६२ ही भावांची आणि ११८६ ही क्षेत्रफळ गुणिले भाव यांची. पहिल्या समीकरणाला सातने गुणून दुसऱ्यातून वजा करा. 8b = 52 उरते. म्हणजे b साडेसहा आणि a साडेआठ. शंभर चौरस फुटांमागे साडेसहा लाख, आणि वर साडेआठ लाख. दहावीतली एकसामयिक समीकरणेच ही.

या रेषेने सांगितलेले भाव ४१, ५४ आणि ६७ लाख. प्रत्यक्ष भावांतून ते वजा केले तर चुका उरतात १, −२ आणि १. त्यांची बेरीज शून्य. आता प्रत्येक चूक तिच्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज करा: ५ − १४ + ९, पुन्हा शून्य. भूमितीच्या भाषेत चुकांचा स्तंभ माहितीच्या प्रत्येक स्तंभाला लंब आहे. नॉर्मल इक्वेशनमधल्या ‘नॉर्मल’चा अर्थ हा, लंब. पुष्कळ जण त्याचे ‘सामान्य समीकरण’ करतात, ते चूक आहे.

दुसरी वाट ग्रेडियंट डिसेंटची. १८४७ मध्ये कोशी यांनी ती मांडली, आणि योगायोग असा की त्यांच्याही डोक्यात आकाशस्थ गोलांच्या कक्षाच होत्या. इथे समीकरण सोडवायचे नाही. कुठल्याही a आणि b पासून निघायचे, चूक कोणत्या दिशेला सर्वांत वेगाने कमी होते ते पाहायचे आणि त्या दिशेला एक पाऊल टाकायचे. पावलाची लांबी ठरवणाऱ्या आकड्याला लर्निंग रेट म्हणतात.

आपण दोन्ही आकडे शून्य धरून निघू आणि लर्निंग रेट ०.०३ ठेवू. पहिल्या पावलात a होतो १.६२ आणि b होतो ११.८६, म्हणजे खऱ्या उत्तराच्या खूप पुढे. दुसऱ्या पावलात b परत ५.०० वर येतो, तिसऱ्यात पुन्हा पुढे जातो. वीस पावलांत ही डोलाडोल थांबते आणि a सुमारे १.२४, b सुमारे ७.४८ वर येऊन बसतात. या रेषेने सांगितलेले भाव साधारण ३८.६, ५३.६ आणि ६८.६ लाख. वाईट नाहीत. पण a खरा हवा होता साडेआठ! तिथवर, शेवटचा हजारभर रुपयांचा फरक मिटेपर्यंत, पोहोचायला सुमारे ४,३५० पावले लागतात. तीन फ्लॅट, दोन आकडे आणि चार हजारांवर फेऱ्या.

मग लर्निंग रेट वाढवून पाहू. ०.०४ केला की दर पावलाला चूक साधारण दहा टक्क्यांनी वाढत जाते आणि शंभराव्या पावलाला b उणे दीड लाखाच्याही पलीकडे गेलेला असतो. ०.०३८ च्या आसपास लक्ष्मणरेषा आहे. ग्रेडियंट डिसेंट बिघडल्याची खूण हीच: चूक प्रत्येक फेरीनंतर छापत राहा, ती कमी होण्याऐवजी फुगू लागली की लर्निंग रेट मोठा झाला आहे. पडद्यावर `nan` दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

इतका संथपणा का, हे नीट पाहण्यासारखे आहे. चुकीच्या आलेखाचा आकार वाटीसारखा असता तर काम सोपे होते, पण इथे तो कौलारू घराच्या कडेला लावलेल्या पन्हळीसारखा आहे. दोन्ही भिंती उभ्या, तळ मात्र अगदी मंद उताराचा. पाऊल मोठे टाकले तर या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटायला होते, लहान टाकले तर तळातून पुढे सरकायला जन्म जातो. आपल्या उदाहरणात भिंतीची तीव्रता तळाच्या तीव्रतेच्या हजारपटीहून थोडी जास्त आहे. या गुणोत्तराला कंडिशन नंबर म्हणतात. क्षेत्रफळ शेकड्यांत न मोजता सरळ ५००, ७००, ९०० असे भरले तर हेच गुणोत्तर सुमारे एक कोटीवर जाते आणि पावले चार कोटींवर. फ्लॅट तेच, भाव तेच, बदलले ते फक्त मोजमापाचे एकक.

आता उलटे करू. प्रत्येक क्षेत्रफळातून सरासरी सात वजा करू आणि दोनने भागू. ५, ७, ९ चे झाले −१, ० आणि १. लर्निंग रेट १ ठेवला तर a पहिल्याच पावलात ५४ वर, म्हणजे सरासरी भावावर, जाऊन बसतो आणि b ची चूक दर पावलाला एक तृतीयांश होते. सात पावलांत काम संपते. b येतो १३, कारण आता एक एकक म्हणजे दोनशे चौरस फूट आहे. ४,३५० च्या जागी सात. माझ्या मते ग्रेडियंट डिसेंटच्या तक्रारींपैकी अर्ध्याअधिक इथेच मिटतात.

मग सरळ दोन ओळींत उत्तर देणारे नॉर्मल इक्वेशन सोडून हा खटाटोप करायचा कशाला? इथे एक समज ठामपणे खोडला पाहिजे. ‘माहिती फार मोठी असेल तर नॉर्मल इक्वेशन चालत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. मोठी म्हणजे कोणत्या बाजूने मोठी? समजा एक कोटी घरांची नोंद आहे आणि प्रत्येकाबद्दल पन्नास गोष्टी ठाऊक आहेत. तर नॉर्मल इक्वेशनला लागणारा कोठा फक्त ५० × ५०, म्हणजे अडीच हजार आकड्यांचा. एकेक ओळ वाचायची, तिचे गुणाकार त्या कोठ्यात मिळवायचे आणि ती ओळ विसरून जायची. फाइल एकदा वाचून झाली की काम झाले. ओळी कितीही असोत, कोठा वाढत नाही.

कोठा वाढतो तो स्तंभांमुळे. पाच हजार स्तंभ असले तर तो सुमारे २०० एमबीचा होतो, आणि हे लॅपटॉपला सहज झेपते. वीस हजारांना तीन जीबीच्या वर लागतात. एक लाख स्तंभ झाले की एक हजार कोटी आकडे, म्हणजे ८० जीबी. समीकरणे सोडवण्याचे कष्ट तर स्तंभ दुप्पट झाले की आठपट होतात. जाहिरातींतल्या मजकुरावरून घराचा भाव सांगायचा असेल आणि प्रत्येक शब्दाला एक स्तंभ दिला असेल, तर लाखाचा आकडा लगेच गाठला जातो. एका जाहिरातीत शब्द असतात पन्नास-साठ, बाकी सगळी शून्ये. ग्रेडियंट डिसेंटला, विशेषतः एका वेळी थोड्याच ओळी घेऊन पाऊल टाकणाऱ्या स्टोकॅस्टिक प्रकाराला, त्या पन्नास-साठ स्तंभांपुरतेच काम पडते. नॉर्मल इक्वेशनच्या कोठ्यात मात्र कोणतेही दोन शब्द एका जाहिरातीत एकत्र आले की एक शून्य भरते, आणि रिकामा कोठा बघता बघता गच्च होतो. तिथे ग्रेडियंट डिसेंटला पर्याय शोधत बसू नये. रोज नवी माहिती येते आणि जुन्या उत्तरावरूनच पुढे जायचे असते, तिथेही हीच पद्धत सोयीची.

नॉर्मल इक्वेशनचे दुखणे वेगळे. मी एकदा घरांच्या अशा फाइलवर काम केले, जिच्यात क्षेत्रफळ चौरस फुटांतही होते आणि दोन दशांशांपर्यंत चौरस मीटरमध्येही. कुठलीही तक्रार न करता संगणकाने उत्तर दिले: एक चौरस फूट वाढला की भाव जवळजवळ साडेसात लाखांनी उतरतो आणि एक चौरस मीटर वाढला की सुमारे ऐंशी लाखांनी चढतो. गंमत म्हणजे सांगितलेले भाव ठीकच होते, कारण दोन्ही आकडे एकमेकांना खाऊन टाकत होते. पाच-दहा ओळी काढल्या की चिन्हेच उलटी व्हायची. दोन स्तंभ जवळजवळ एकच गोष्ट सांगत असले की असे होते. कारण तीच पन्हळ, तळ जवळजवळ सपाट झालेली. नॉर्मल इक्वेशनच्या कोठ्यात मूळ माहितीच्या कंडिशन नंबरचा वर्ग होतो, आणि संगणकाकडे अचूक आकडे असतात साधारण सोळा. ग्रेडियंट डिसेंटला याच फाइलवर काही झाले असे वाटतही नाही. शून्यापासून निघून ते त्या सपाट तळावर जेमतेम सरकते, आकडे शहाणे दिसतात आणि रोग झाकला जातो.

म्हणून सरावलेली माणसे तो कोठा उलटा करून सोडवत बसत नाहीत. NumPy मध्ये हे लिहितात:

```
w, res, rank, sv = np.linalg.lstsq(X, y, rcond=None)
```

ही आज्ञा वर्गाच्या फेऱ्यात न पडता मूळ माहितीवरच काम करते, आणि `rank` स्तंभांच्या संख्येपेक्षा कमी आला तर एखादा स्तंभ उरलेल्यांतून बनतो हे सांगून जाते. आर भाषेतले `lm` सुद्धा नॉर्मल इक्वेशन न बांधता क्यूआर नावाच्या विभाजनाने उत्तर काढते.

थेट पद्धतीला जुनाट समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे कोठे झटपट सोडवण्याची आजही सर्रास वापरली जाणारी रीत आंद्रे-लुई शोलेस्की या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्याने जमीन मोजणीतली नॉर्मल इक्वेशने सोडवण्यासाठी काढली. १९१८ मध्ये तो युद्धात मारला गेला आणि रीत छापून आली १९२४ मध्ये.

तेव्हा फाइल हातात आली की ओळी नव्हे, स्तंभ मोजा. काही हजारांपर्यंत असतील तर `lstsq` चालवा आणि चहाला जा. लाखांत असतील तर ग्रेडियंट डिसेंट घ्या, पण आधी प्रत्येक स्तंभ एका मापात आणा, आणि ज्यांत बहुतेक शून्ये नाहीत अशांतून सरासरीही वजा करा.