राउटर बंद-चालू केला की नेमकं काय पुसलं जातं?

आजोबांचा अमेरिकेतल्या लेकीशी व्हिडिओ कॉल झकास चाललेला असतो आणि त्याच वेळी नातीच्या मोबाइलवर एकही नवं पान उघडत नाही. ‘नेट आहे’ आणि ‘नेट गेलंय’ असे घरात दोन पक्ष पडतात. खरं तर दोघांचंही बरोबर असतं.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर 192.168.1.5 अशा धर्तीचा घरगुती पत्ता देतो, पण बाहेरच्या जगाला अख्खं घर एकाच पत्त्यानं दिसतं. मग बाहेरून आलेलं उत्तर टीव्हीचं की मोबाइलचं, हे कळण्यासाठी राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखी नोंदवही ठेवतो. बातम्यांचं एक पान उघडलं तरी चित्रं, जाहिराती धरून तिच्यात कित्येक नोंदी पडतात. काम संपल्यावर दोन्ही बाजूंनी निरोप घेतला, की नोंद थोड्याच वेळात खोडली जाते. पण लॅपटॉपचं झाकण मध्येच मिटलं किंवा मोबाइल खिशात घालून कोणी बाहेर पडलं, तर तो निरोप येतच नाही. बऱ्याच राउटरमध्ये लिनक्स असतं आणि अशी लटकलेली नोंद ठेवण्याची त्याची मूळ मुदत चक्क 5 दिवसांची आहे! काही कंपन्या ती कमी करतात, काही करत नाहीत. स्वस्त राउटरची वही तशीही लहानच. ती भरली की जुन्या नोंदींवरची कामं चालू राहतात, नव्याला जागा मिळत नाही. म्हणून कॉल चालतो आणि पान अडतं.

ही वही राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज तोडली की ती कोरी होते. सॉफ्टवेअरनं अडवून ठेवलेली जागा मोकळी होते, कंपनीच्या यंत्रणेशी अडकलेलं लॉगिन नव्यानं होतं. मात्र बटण दाबून लगेच चालू करू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते, तेव्हा अर्धा मिनिट थांबलेलं बरं.

वायफायचं नाव आणि पासवर्ड कायमच्या स्मृतीत असल्यानं ते शाबूत राहतात. मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टाचणीनं दाबून धरलं, तर मात्र तेही जातात. अनेकदा कंपनीचं लॉगिनही जातं आणि मग तंत्रज्ञाची वाट बघत बसावं लागतं.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, उजेडच पोचत नाहीये, म्हणजे बहुधा तार तुटली किंवा दुमडली आहे. आणि बंद-चालू केल्यावर काही तासांतच पुन्हा तेच होत असेल, तर एकेक उपकरण वायफायवरून काढून बघा. बिघडलेला एखादा कॅमेरा किंवा टोरंटवर लावून ठेवलेला संगणक एकटाच वही भरत असतो. तसं कोणी सापडलं नाही, तर राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या.