सौम्य म्हणजे विरल नव्हे

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या रसायनशाळेत करून बघता येईल असा प्रयोग. एका चंचुपात्रात 10 मिली ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, संहती 0.1 मोलर. दुसऱ्यात 10 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, पण भरपूर पाणी घातलेलं. संहती फक्त 0.0013 मोलर. दोन्हींचा pH साधारण 2.9. मग दोन्ही सारखीच?

दोन्हींत फिनॉल्फथॅलिन घाला आणि ब्युरेटमधून 0.1 मोलर कॉस्टिक सोडा सोडा. हायड्रोक्लोरिक दोन-तीन थेंबांतच गुलाबी होतं. ॲसिटिकला मात्र तब्बल 10 मिली लागतात!

कारण pH फक्त सुटे झालेले हायड्रोजन आयन मोजतो. हायड्रोक्लोरिक तीव्र आम्ल आहे, त्याचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात फुटतात. इथे रेणूच कमी आहेत, म्हणून ते विरल. ॲसिटिक सौम्य आहे. या द्रावणात त्याच्या शंभरातला जेमतेम एकच रेणू फुटलेला असतो. पण सोडा सुटे आयन खाऊ लागला, की उरलेले रेणू फुटत जातात.

थोडक्यात, तीव्र-सौम्य हा आम्लाचा स्वभाव. संहत-विरल हे पाण्याचं प्रमाण. पाणी घालून स्वभाव बदलत नाही. म्हणूनच जवळपास शुद्ध, ‘ग्लेशियल’ ॲसिटिक आम्ल सौम्य असूनही कातडी भाजतं. बाटलीवर ‘सौम्य’ वाचून हातमोजे काढू नका.